भेग दिसली, पाया खचलेला दिसला नव्हता



आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी शाळेच्या इमारतीबद्दल पत्र लिहिलं असेल. 'भिंतीला तडे गेले आहेत, इमारत धोकादायक आहे, तरी तात्काळ दुरुस्ती व्हावी ही विनंती.' मीही असंच एक पत्र लिहिलं होतं. पत्र मनापासून लिहिलेलं होतं, पण चुकीचं होतं. त्या चुकीमुळे एका मुलाच्या डोक्यावर सिमेंटचा ढेकूळ पडता पडता राहिला. तेव्हापासून 'दिसलं' आणि 'वाटलं' हे दोन शब्द मी वेगवेगळ्या रकान्यांत लिहायला शिकले. वर्गाचा प्रश्न घेऊन कुणी अभियंता तुमच्याही शाळेत येईल किंवा अहवालाखाली सही करायला तुम्हाला सांगितलं जाईल. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझं पत्र

आमची शाळा मराठवाड्यातल्या काळ्या रानाच्या गावात आहे. दोन खोल्या, विटांच्या भिंती, वर सिमेंटचा स्लॅब. दारावरच्या फरशीवर 'सन २००६-०७' असं कोरलेलं आहे. पूर्वेकडच्या भिंतीत ईशान्य कोपऱ्याजवळ एक खिडकी आहे आणि त्या कोपऱ्यापासून चार-पाच पावलांवर कडुनिंब. त्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघून वर स्लॅबपर्यंत गेली होती. मी लिहिलं:

'पाया खचल्यामुळे पूर्वेच्या भिंतीला मोठी भेग पडली असून इमारत धोकादायक झाली आहे.'

सोबत मोबाईलवर काढलेले तीन फोटो जोडले. काही दिवसांनी पाहणी झाली. पाहणीचा अहवाल चार ओळींचा होता: भिंतीला खचल्याच्या भेगा आहेत, सिमेंटने भरून घ्याव्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत, मे महिन्यात, गवंड्याने भेग फोडून व्ही आकाराची केली, त्यात घट्ट सिमेंट भरलं आणि वरून रंग दिला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा भिंत छान दिसत होती.

पावसाळ्यात भरलेल्या पट्टीच्या दोन्ही कडांचा गिलावा फुगून सुटला. दिवाळीनंतर पट्टीच्या शेजारीच नवी बारीक भेग दिसायला लागली. आणि नोव्हेंबरमध्ये मधल्या सुट्टीत, भेगेच्या खिडकीवरून नव्हे, तर दक्षिणेकडच्या दुसऱ्याच खिडकीच्या वरून हातभर लांबीचा गिलाव्याचा तुकडा खाली पडला. मुलं बाहेर होती. तुकडा दप्तरांच्या रांगेवर पडला. तिसरीतला एक मुलगा डबा न्यायला येत होता, तो दारातच होता.

त्यानंतर ज्या अभियंता मॅडम पाहणीला आल्या, त्यांच्याकडून मी पुढचं सगळं शिकले.

पहिला रकाना: जे डोळ्यांना, बोटांना आणि पट्टीला कळलं

मॅडमनी आल्या आल्या कारण विचारलं नाही, मतही दिलं नाही. त्यांनी आधी जमिनीवर खोलीचा नकाशा काढला आणि प्रत्येक भेगेला क्रमांक दिला. मी म्हणाले, "मॅडम, ही खचल्याची भेग." त्या म्हणाल्या, "बाई, सध्या हिचं नाव भेग क्रमांक १. खचल्याची आहे की नाही ते आपण शेवटी बघू."

मला तेव्हा हा नुसता काटेकोरपणा वाटला. पण विचार करा, 'खचल्याची भेग' या दोन शब्दांत निरीक्षण एकच आहे: भेग. खचणं कुणी पाहिलेलं नाही. पाया जमिनीत आहे, तो कुणी उघडून बघितला नाही. एकदा भेगेचं नावच कारणावरून ठेवलं, की पुढचा वाचणारा कारण तपासतच नाही. आमच्या बाबतीत नेमकं तेच झालं. माझ्या पत्रातला शब्द पहिल्या अहवालात गेला आणि अहवालातून गवंड्याच्या थापीत.

भेग क्रमांक १ बद्दल मॅडमनी जे लिहिलं ते साधारण असं होतं:

'पूर्व भिंत, ईशान्य कोपऱ्याजवळची खिडकी. खिडकीच्या वरच्या उत्तरेकडील कोपऱ्यापासून सुरू होऊन कोपऱ्याच्या दिशेने तिरकी वर जाते, स्लॅबपाशी संपते. लांबी सुमारे ९० सेंमी. रुंदी खिडकीजवळ १ मिमी, स्लॅबजवळ ३ मिमी. गिलावा निघालेल्या जागी भेग विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी गेलेली दिसते, विटा फुटलेल्या नाहीत. भिंतीच्या बाहेरच्या बाजूस त्याच जागी भेग आहे. भेगेवरून बोट फिरवले असता दोन्ही बाजू एका पातळीत लागतात.'

यात 'मोठी' हा शब्द कुठेही नाही. मोठी म्हणजे किती, ते प्रत्येकाच्या भीतीवर ठरतं. ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्सची इमारतींच्या भेगांवर एसपी २५ नावाची १९८४ ची हस्तपुस्तिका आहे. तीत १ मिमीपेक्षा कमी रुंदीच्या भेगेला बारीक, १ ते २ मिमीला मध्यम आणि २ मिमीपेक्षा जास्तीला रुंद म्हटलं आहे. म्हणजे 'रुंद' लिहायचंच असेल, तर आधी आकडा आणि मग शब्द. मॅडमकडे पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी होती, तिच्यावर वेगवेगळ्या जाडीच्या काळ्या रेघा होत्या. भेगेवर पट्टी ठेवायची आणि कोणती रेघ भेगेइतकी जाड दिसते ते वाचायचं. फोटो काढतानाही त्यांनी भेगेशेजारी मोजपट्टी धरली. माझ्या तीन फोटोंत पट्टी नव्हती, त्यामुळे त्यातली भेग केसाएवढी आहे की बोटाएवढी, हे सांगताच येत नव्हतं.

एक गोष्ट मला विशेष आवडली. जे नाही, तेही त्यांनी लिहिलं. दार चौकटीत अडकत नाही. जमिनीच्या फरशीला भेग नाही. ओळंबा सोडला तेव्हा भिंत बाहेर झुकलेली किंवा फुगलेली आढळली नाही. 'नाही' हेसुद्धा निरीक्षण असतं, पण ते तपासल्यावरच लिहायचं. तपासलंच नसेल, तर 'तपासले नाही' असं लिहायचं. त्यांच्या अहवालात एक वेगळी ओळ होती: 'पाया उघडून पाहिलेला नाही. मातीची चाचणी केलेली नाही.' हे वाचून मला माझं पहिलं वाक्य आठवलं. ते 'पाया' या शब्दानेच सुरू होत होतं.

ऐकलेलं कुठे लिहायचं?

पाहणी चालू असताना दारात माणसं जमलीच. एक आबा म्हणाले, "ही भूकंपाचीच भेग. किल्लारीच्या वेळची." आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ अजून कुणी विसरलेलं नाही, भिंतीला रेघ दिसली तरी म्हाताऱ्या माणसांना पहिलं तेच आठवतं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "उन्हाळ्यात तिच्यात माझी करंगळी जाते, पावसाळ्यात नखसुद्धा जात नाही."

मॅडमनी दोघांचंही ऐकलं आणि दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. पण पहिल्या रकान्यात नाही. त्यासाठी 'सांगितलेले' असा वेगळा भाग होता: कुणी सांगितलं, काय सांगितलं. तिसऱ्याचं पाहिलेलं आपलं निरीक्षण होत नाही, पण ते टाकूनही देता येत नाही. आबांचं म्हणणं एका कागदाने निकालात निघालं. इमारतच २००६-०७ ची, तेव्हा १९९३ च्या भूकंपाची भेग तिच्यात असणं शक्य नाही. मावशींचं म्हणणं मात्र तपासता येण्यासारखं होतं. आणि पुढे तेच सगळ्यात मोलाचं ठरलं.

भेग 'जुनी' आहे का, यावरही अशीच चर्चा झाली. मी म्हणाले जुनीच आहे. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जुनेपणा कसा पाहिला?" मग त्यांनी बॅटरी मारून दाखवलं. न भरलेल्या टोकाला भेगेच्या आत पिवळा रंग गेलेला होता. आत रंग दिसतो, हे निरीक्षण. म्हणजे रंग देण्याआधी ती भेग तिथं होती, हे अनुमान, पण पक्कं. शाळेच्या दप्तरात पिवळ्या रंगाच्या खर्चाची नोंद होती, त्यावरून वर्ष कळलं. आणि 'बांधकाम कच्चं होतं म्हणून पडली' हे मत, ज्याला या रंगातून काहीच आधार मिळत नाही. तिन्ही गोष्टी बोलताना एका श्वासात येतात. कागदावर त्या वेगळ्या केल्या, की कोणती किती भक्कम आहे ते लगेच दिसतं.

एक वर्षाची मोजणी

मावशींचं म्हणणं खरं की खोटं, हे बघायला मॅडमनी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू पक्का बसवला. स्क्रूंच्या डोक्यांवर बारीक खूण केली. हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर कॅलिपर मागून आणला. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी प्रार्थनेआधी, दोन खुणांमधलं अंतर मोजायचं काम माझ्याकडे आलं. सकाळीच का? कारण ऊन चढलं की भिंत आणि स्लॅब तापून हलतात, आणि वेळ बदलली तर आपण ऋतू मोजतोय की ऊन, ते कळत नाही. काही ठिकाणी भेगेवर काचेची पट्टी चिकटवतात. काच फुटली तर हालचाल झाली एवढं समजतं, पण किती आणि कुठल्या दिशेला ते समजत नाही. म्हणून स्क्रू.

वहीतल्या चार नोंदी देते. डिसेंबरमध्ये १००.८ मिमी. मेमध्ये १०२.५. सप्टेंबरमध्ये ९९.५. पुन्हा डिसेंबरमध्ये १००.९.

म्हणजे भेग उन्हाळ्यात उघडली, पावसाळ्यात मिटली आणि वर्षाने जवळजवळ पहिल्या जागी आली. शेवटचा ०.१ मिमीचा फरक माझ्या हाताच्या मोजणीतला असू शकतो. पाया एकाच दिशेने खचत गेला असता, तर अंतर दर महिन्याला थोडं थोडं वाढायला हवं होतं, पावसाळ्यात मागे आलं नसतं.

आता मॅडमनी दुसरा रकाना लिहायला घेतला: 'मत'. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. इमारतीखालची मधली माती झाकलेली असते, ती फारशी वाळत नाही. कडेची आणि त्यातही कोपऱ्याची माती आधी वाळते. कोपरा खाली बसतो, मधला भाग जागेवर राहतो. अशा वेळी भिंत वरून ताणली जाते आणि भेग वर रुंद, खाली निमुळती होते. आमची भेग स्लॅबजवळ ३ आणि खिडकीजवळ १ मिमी होती, म्हणजे या मताशी जुळणारी. खाली रुंद आणि वर निमुळती असती, तर मधला भाग बसला किंवा टोक उचललं गेलं, असा विचार करावा लागला असता.

पण मत कसं लिहिलं ते पाहा: 'निरीक्षण १ व वर्षभराच्या नोंदींवरून, भेग १ ही पायाखालील काळ्या मातीच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या हालचालीमुळे असण्याची दाट शक्यता आहे. जवळच्या कडुनिंबामुळे कोपऱ्याची माती अधिक वाळत असावी, मात्र हे सिद्ध करण्यासाठी माती तपासलेली नाही. पुढील वर्षाच्या नोंदींत अंतर मागे न येता वाढत गेल्यास हे मत बदलावे लागेल.'

कशावरून म्हणते, किती खात्रीने म्हणते आणि काय दिसलं तर मत मागे घेईन, या तीन गोष्टी त्यात आहेत. मत देणं वाईट नाही. अहवाल मागवतात तेच मुळी मतासाठी. पण मत चुकलं तरी निरीक्षणं शिल्लक राहिली पाहिजेत, म्हणजे पुढच्या माणसाला त्यावरून नवं मत करता येतं. पहिल्या चार ओळींच्या अहवालातलं मत काढून टाकलं, तर मागे काही उरतच नव्हतं. ना मोजमाप, ना जागा, ना तारीख.

आमची दुरुस्ती का फसली, तेही यातून उलगडलं. मे महिन्यात, म्हणजे भेग सगळ्यात जास्त उघडी असताना, तिच्यात टणक सिमेंट भरलं. पावसाळ्यात भिंतीला मिटायचं होतं, मध्ये पाचर बसलेली. म्हणून कडांचा गिलावा फुगून सुटला. माती पुन्हा वाळायला लागली तेव्हा भरलेली जागा उघडली नाही, शेजारी नवी भेग पडली. या वेळी भेग आधी भरली नाही. भिंतीलगत चारी बाजूंनी उताराची फरशी केली, स्लॅबच्या पन्हळीचं पाणी नळीने लांब सोडलं. झाड तोडायचं नाही असं ठरलं, कारण मोठं झाड एकदम काढलं तर त्याने शोषलेली माती पुन्हा पाणी धरून फुगते आणि कोपरा वर उचलला जाऊ शकतो.

माझ्याच फोटोतली तिसरी भेग

भेग क्रमांक २ मला सगळ्यात भीतीदायक वाटायची. दक्षिणेच्या लांब भिंतीवर, स्लॅबच्या अगदी खाली, सरळ आडवी रेघ. वाटायचं, स्लॅब सुटतोय. नोंद अशी झाली: रुंदी अर्धा मिमी, भिंतीच्या दोन्ही टोकांकडे स्पष्ट, मध्ये पुसट. गच्चीवर उन्हापासून संरक्षण देणारा कोणताही थर नाही. मत: उन्हाने स्लॅब पसरतो, रात्री आकसतो, त्याखालच्या विटांना तितकं हलता येत नाही, म्हणून सांध्यात भेग. सध्या बसायला धोका दिसत नाही.

खरा धोका भेग क्रमांक ३ मध्ये होता. दक्षिणेच्या खिडकीवरच्या लिंटेलच्या खालच्या कडेने, सळईच्या रेषेत जाणारी आडवी भेग. जिथून तुकडा पडला होता तिथं गंजलेली सळई उघडी दिसत होती. उरलेल्या भागावर तांबूस ओघळ होते आणि हातोडीने हलकं ठोकलं की पोकळ आवाज येत होता. लोखंड गंजलं की त्याची जागा वाढते आणि ते वरचं सिमेंट फोडून काढतं. मॅडमनी त्याच दिवशी सुटा गिलावा पाडून घेतला आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या खिडकीखाली कुणी बसू नये असं लिहून दिलं. बाकी खोली कशाच्या आधारावर वापरता येईल, तेही लिहिलं.

मग त्यांनी फाईलमधले माझे जुने फोटो मागितले. दुसऱ्या फोटोत मधोमध माझी तिरकी भेग होती. आणि उजव्या कडेला, अर्धवट कापली गेलेली, दक्षिणेची खिडकी. तिच्यावर तांबूस ओघळ स्पष्ट दिसत होता. तुकडा पडायच्या कितीतरी महिने आधीचा फोटो.

मी तो ओघळ पाहिला होता, रोजच पाहत होते. पण माझं मत आधीच ठरलेलं होतं, 'पाया खचला', आणि ओघळ त्या मतात बसत नव्हता. म्हणून तो पत्रात आलाच नाही. पहिल्या पाहणीला आलेल्या माणसालाही मी हाताला धरून पूर्वेच्या भिंतीशीच नेलं होतं.

वर्गात काय केलं

पुढच्या आठवड्यात परिसर अभ्यासाच्या तासाला चौथीच्या मुलांच्या वहीत तीन रकाने आखले: दिसलं, सांगितलं, वाटलं. वर्गाची एक भिंत निवडली आणि जे दिसेल ते लिहायला सांगितलं. सुरुवातीला सगळं 'दिसलं' मध्ये आलं. 'भिंत जुनी झाली', 'पाणी मुरतं', 'उंदरांनी पोखरलं'. मग एकेक वाक्य घेऊन मी एकच प्रश्न विचारला: "हे तू कशाने बघितलंस?" पाणी मुरतं लिहिणारी मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बाई, मला काळा डाग दिसला. पाणी नाही दिसलं." तिने ओळ खोडली, पट्टी आणली आणि लिहिलं: 'काळा डाग. फरशीपासून दोन पट्ट्या उंच.'

घरी भिंतीला भेग असेल, तर पालकांनीही हे करून बघावं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा, मोजपट्टी धरून फोटो काढा. भेग खुणेपुढे गेली तर ते तुम्हाला दिसेल. पुढे अभियंत्याला बोलवाल तेव्हा त्याच्या हातात काही महिन्यांच्या नोंदी असतील. भेग झपाट्याने रुंदावत असेल, भिंत फुगली असेल, दारं अडकायला लागली असतील किंवा सळई दिसत असेल, तर मात्र नोंदींची वाट न बघता आधी तिथून उठा आणि मग बोलवा.

माझं पहिलं पत्र मी परत लिहून ठेवलं आहे. त्यात पाया हा शब्द नाही. सुरुवात अशी आहे: 'दक्षिणेच्या खिडकीवर तांबूस ओघळ दिसतो. त्याखाली सहा मुलं बसतात.'